'घरचं बियाणं वापरू नका' या बातमीनंतरचं पत्र

कृषी विज्ञान केंद्राच्या मॅडम सोयाबीनच्या बियाण्याबद्दल फोनवर बोलल्या ते असं होतं, रेकॉर्डिंग अजून आमच्या वार्ताहर पोराच्या मोबाईलमध्ये आहे: "घरचं बियाणं वापरू नका असं मी सरसकट सांगणार नाही. आधी गोणपाटात शंभर दाणे टाकून बघा. साठच्या आत उगवले तर मग घरचं बियाणं वापरू नका, सरळ दुसरं आणा. साठ ते सत्तर असेल तर थोडं जास्त पेरा."

आणि आमच्या जिल्हा पानावर छापून आलं ते असं: "शेतकऱ्यांनी सोयाबीनचे घरचे बियाणे वापरू नये, सरळ दुसरे आणावे, असा सल्ला कृषी विज्ञान केंद्राच्या विषय विशेषज्ञांनी दिला आहे." वर तीन कॉलमात हेडिंग, 'घरचे बियाणे वापरू नका!' उद्गारचिन्हासकट. आणि बातमीच्या बरोब्बर खाली अर्धं पान बियाणं कंपनीची जाहिरात.

मी त्या पेपरच्या डेस्कवर आहे, बरीच वर्षं. त्या रात्री माझी सुट्टी होती त्यामुळे हे पान माझ्या हाताखालून गेलेलं नाही, पण निस्तरायचं काम माझ्याकडे आलं कारण तो वार्ताहर पोरगा मीच घेतलेला. पेपरचं नाव, गावाचं नाव सांगत नाही, मराठवाड्यातला सोयाबीनचा पट्टा आहे एवढं पुरे. त्या पोराने मॅडमना माफीचं पत्र लिहिलं, त्या पत्राचे किती कागद फाटले आणि शेवटी जे गेलं ते तसंच का गेलं हे सांगायचंय. कारण खुलासा कसा छापायचा हे सगळ्यांना माहिती असतं, पण वार्ताहराने सोर्सला स्वतः पत्र लिहायचं म्हणजे नक्की काय लिहायचं हे आमच्यात कुणी शिकवत नाही.

आधी हे समजून घ्या की त्या एका वाक्याने एवढं काय बिघडलं. सोयाबीनचं बी हायब्रीड नाही, स्वपरागी पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्याच्यापासून आलेलं बी पुढची दोन-तीन वर्षं घरचं म्हणून पेरता येतं. फक्त सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ, काढणीत पाऊस लागला, पोती आपटली, थप्पीवर थप्पी लावली की उगवण मरते. म्हणून पेरणीआधी उगवण तपासायची. २०२० च्या खरिपात आमच्याकडे विकतचं बियाणं पेरूनसुद्धा उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला होता, कोर्टापर्यंत गेलं होतं ते, आणि त्यानंतर कृषी खात्याने घरचं बियाणं राखा, तपासा आणि पेरा असा जोर लावला. या मॅडम तेच काम गावोगाव करत होत्या. बायकांच्या गटांना घरचं बी निवडायला, वाळवायला, ठेवायला शिकवत होत्या. आणि मे संपता संपता पेपरात त्यांच्याच पदाच्या नावाने येतं की घरचं बियाणं वापरू नका, खाली कंपनीची जाहिरात.

सकाळी साडेसातला एका गटाच्या ताईंनी त्यांना कात्रण पाठवून विचारलं, "मॅडम, मग आम्ही ठेवलेलं बी काय करायचं?" त्यावर दुसऱ्या कुणीतरी ग्रुपवर लिहिलं की कंपनीने किती दिले. दुपारी त्यांच्या कार्यालयप्रमुखांनी लेखी विचारलं की आपल्या धोरणाच्या विरुद्ध वक्तव्य कसं केलं. मॅडमनी पोराला फोन लावला तर त्याने भीतीने उचललाच नाही, मग ऑफिसच्या लँडलाईनवर आला आणि तो माझ्याकडे दिला गेला.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मी बोललेलं एक वाक्य तुम्ही छापलंय. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कुठे गेलं एवढं सांगा."

तेच शोधायला बसलो. पोराला बोलावलं, रेकॉर्डिंग ऐकलं, त्याने रात्री पाठवलेली मूळ कॉपी काढली आणि छापलेलं पान शेजारी ठेवलं. हे काम पत्राच्या आधी करायलाच लागतं, नाहीतर माणूस कशाची माफी मागतोय हे त्यालाच माहिती नसतं. पोराचं पहिलं म्हणणं, "सर, एकही शब्द माझा नाहीये, सगळे त्यांचेच शब्द आहेत." आणि ते खरं होतं! कुणी काही बनवलेलं नव्हतं. त्याच्या कॉपीत इंट्रोला, म्हणजे बातमीच्या पहिल्या ओळींत, 'घरचे बियाणे वापरू नये, सरळ दुसरे आणावे' हे होतं कारण तेच सगळ्यात ठसठशीत वाक्य होतं. मग मधे पाऊस किती झाल्यावर पेरायचं, किती खोल पेरायचं असा मजकूर, आणि गोणपाट, शंभर दाणे, साठ टक्के हे सगळं शेवटच्या परिच्छेदात. त्याच्या डोक्यात असं की खाली आहेच की सगळं. रात्री उशिरा जाहिरात आली, पानावरची जागा अर्ध्यावर आली, पानावरच्या उपसंपादकाने आम्ही सगळे करतो तसं शेपटाकडून कापलं. कमी महत्त्वाचं शेवटी असतं असं धरून बातमी लिहायची आणि तसंच धरून कापायची, हा आमचा रोजचा धंदा आहे. हेडिंग इंट्रोवरून निघालं. म्हणजे अट सगळ्यात खाली होती ती गेली, आणि अटीवर टेकलेलं वाक्य सगळ्यात वर राहिलं.

इथे मला पोराला एक गोष्ट पटवायला वेळ लागला. त्याचं म्हणणं की चूक डेस्कची, कात्री त्यांनी लावली. मी त्याला म्हणलं, कात्री लागली नसती तरी तुझी बातमी चुकलेलीच होती, कारण शेतकरी इंट्रो वाचून पान उलटतो. 'साठच्या आत उगवले तर' हे सात-आठ सेंटीमीटर खाली ठेवायची गोष्टच नाही, ते त्याच वाक्यात पाहिजे. अट आणि सल्ला एका वाक्यात बांधलेला असता तर उपसंपादकाला तो तोडता आला नसता, आणि तोडला असता तर ती चूक सरळ त्याची झाली असती. हे त्याला जेव्हा कळलं तेव्हा पत्र लिहायला बस म्हणलं.

वरून विरोध झालाच. आमच्या प्रशासनातले एकजण म्हणाले की खुलासा छापू, पत्रबित्र कशाला, लेखी कबुली दिली की उद्या तोच कागद कोर्टात. त्यांची भीती अगदी खोटी नव्हती. बदनामीचं कलम आहे, आधी आयपीसीचं ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६. आणि प्रेस कौन्सिलकडे जायचं तर दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि त्याच्या आधी संपादकाला लिहावं लागतं. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देते, ताशेरे ओढते, पण तेही संपादकाला नको असतं. मी एवढंच म्हणलं की पान छापलेलं आहे, रेकॉर्डिंग आहे, त्या बाईंकडे कात्रण आहे, पत्रात आपण असं काय सांगणार जे त्यांना आधीच माहिती नाही? आणि खुलासा वाचकासाठी असतो. मॅडमना त्यांच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायला कागद पाहिजे, ज्याच्यात त्या नक्की काय बोलल्या होत्या ते वार्ताहराच्या सहीने लिहिलेलं आहे. ते काम चार ओळींचा खुलासा करत नाही. शेवटी संपादक म्हणाले, लिहू दे, पण जायच्या आधी मी वाचणार. ठीक.

पोराने पहिला कागद आणला. त्यातली दोन वाक्यं आठवतायत: "सदर वृत्तामुळे आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. जागेअभावी व अनवधानाने सदर गैरसमज निर्माण झाला."

मी पेन घेऊन 'असल्यास'वर काट मारली. फोन आला, साहेबांनी लेखी विचारलं, गटातल्या बायका घाबरल्या, तरी अजून 'असल्यास'? मग 'भावना' काटलं. मॅडम भावनेबद्दल बोलल्याच नव्हत्या, त्यांचा प्रश्न साठ टक्क्यांचा होता. 'गैरसमज' काटलं, कारण वाचकांनी चुकीचं समजून घेतलं नव्हतं, जे छापलं होतं ते बरोबर तसंच समजून घेतलं होतं. 'जागेअभावी' काटलं. 'सदर' तर दोन्ही काटले, पोलीस ठाण्याचा पंचनामा लिहितोय का. राहिलं काय तर 'आम्ही दिलगीर आहोत', आणि त्यातलाही 'आम्ही' कोण हा प्रश्नच, कारण पत्र तो एकटा लिहीत होता.

पोरगा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी आणलं ते एकदम दुसऱ्या टोकाचं. दोन पानं. मी तुमच्या मुलासारखा आहे, वडील शेतकरी आहेत, या क्षेत्रात नवीन आहे, रात्रभर झोप नाही, माझी नोकरी तुमच्या हातात आहे, कृपया वरिष्ठांकडे किंवा प्रेस कौन्सिलकडे जाऊ नका. वाचून वाईट वाटलं, खोटं काहीच नव्हतं त्यात, खरंच झोपला नव्हता तो. पण बघा ना, ज्या बाईला स्वतःच्या साहेबाला उत्तर द्यायचंय तिच्या डोक्यावर आता याची नोकरी आणि याची झोप पण ठेवायची? आणि तक्रार करू नका हे माफीच्या पत्रात लिहिलं की ते पत्र राहत नाही, व्यवहार होतो. तो भाग पूर्ण काढला. तक्रार करायची की नाही हे त्यांचं त्या बघतील. उलट मी म्हणलं की एक ओळ घाल, हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग त्याला सांगितलं, आता माफी हा शब्द बाजूला ठेव आणि आधी बातमी लिही. कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर, काय हेडिंग. तुम्ही काय बोलला होतात, पूर्ण. आम्ही काय छापलं, पूर्ण. त्याने अर्थ कसा उलटला. माझ्याकडून काय झालं. आता आम्ही काय केलंय, करणार नाही तर केलंय. आणि मग माफी, एकदाच.

हे तो लिहायला लागला आणि खरी गंमत इथे झाली. मॅडम काय बोलल्या होत्या हे लिहिताना त्याने "७० टक्के उगवण असल्यास हेक्टरी ३० किलो" असं लिहिलं. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे म्हणून डोळा अडकला, ३० किलो एकरी असतं, हेक्टरी ७५. म्हणलं रेकॉर्डिंग परत ऐक. मॅडम "एकरी" म्हणाल्या होत्या, स्पष्ट. माफीच्या पत्रात परत त्यांच्या तोंडी चुकीचं वाक्य गेलं असतं, आणि तेही सहीनिशी! त्यानंतर नियमच केला की अवतरणचिन्हात जे काही जाईल ते इयरफोन लावून, थांबवत थांबवत, ऐकून लिहायचं, आठवणीने नाही.

डेस्कचं काय लिहायचं यावर आमचं थोडं वाजलं. त्याला सगळं कात्रीवर टाकायचं होतं, उपसंपादकाचं म्हणणं होतं की डेस्कचा उल्लेखच नको. पत्र तुझं आहे तर तुझा भाग सविस्तर लिही, डेस्कचा एका वाक्यात, नाव न घेता, असं ठरलं. डेस्कचा उल्लेख पूर्ण गाळणंही खोटंच झालं असतं, कारण मॅडमना उद्या कुणी मूळ कॉपी दाखवली तर त्यांना वाटलं असतं की पोराने लपवलं.

संपादकांनी एकच ओळ काढली, आणि त्यांचं बरोबर होतं असं मला आज वाटतं. पोराने लिहिलं होतं, "यामुळे शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले." ते म्हणाले, अजून पेरणी झालेली नाही, पाऊस आलेला नाही, कुणाचं काय नुकसान झालं हे तुला माहिती आहे का? जे माहिती आहे तेवढंच लिही. एका गावच्या बायका घाबरल्या हे माहिती आहे, ते लिही. माफी मोठी दिसावी म्हणून नुकसान फुगवायचं नाही.

शेवटी गेलेलं पत्र हे. मॅडमना विचारून, त्यांची आणि गावाची ओळख काढून देतोय:

"आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या जिल्हा पानावर 'घरचे बियाणे वापरू नका!' या मथळ्याची बातमी आली. ती मी लिहिली होती. फोनवर तुम्ही मला सांगितलं होतं की घरचं बियाणं वापरू नका असं तुम्ही सरसकट सांगणार नाही, आधी शंभर दाण्यांची चाचणी करावी, साठच्या आत उगवले तरच ते वापरू नये, आणि साठ ते सत्तर उगवण असेल तर एकरी बियाणं वाढवावं. हे रेकॉर्डिंग मी परत ऐकून लिहीत आहे.

बातमीत यातलं 'वापरू नये' एवढंच आलं. त्यामुळे तुम्ही जे सांगितलं होतं त्याच्या उलट अर्थ झाला. तुम्ही चाचणी करून घरचं बियाणं वापरायला सांगता आणि बातमीने ते टाकून द्यायला सांगितलं.

तुमचं वाक्य अर्धं करून सगळ्यात वर मी घेतलं आणि त्याची अट मी शेवटच्या परिच्छेदात टाकली. पानावर जागा कमी पडल्यावर तो परिच्छेद कार्यालयात कापला गेला. पण अट आणि सल्ला मी एकत्र लिहिला असता तर हे झालं नसतं. छापायच्या आधी तुमचं वाक्य तुम्हाला वाचून दाखवायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन उचलला नाही, तेही चूक.

बातमीखाली आलेल्या जाहिरातीशी तुमचा काहीही संबंध नव्हता आणि ती येणार हे मलाही माहिती नव्हतं.

त्याच पानावर, त्याच जागी खुलासा छापला आहे. वेबसाईटवरचा मथळा बदलून खाली काय बदललं ते लिहिलं आहे. ई-पेपरचं जुनं पान बदलता येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं कात्रण मला थांबवता येत नाही, म्हणून खुलाशाचं तेवढ्याच आकाराचं कात्रण सोबत पाठवत आहे.

मी तुमची माफी मागतो. हे पत्र तुम्ही तुमच्या वरिष्ठांना किंवा कुणालाही दाखवू शकता. रेकॉर्डिंग हवं असेल तर पाठवतो."

खाली सही, तारीख, मोबाईल नंबर. लेटरहेड मात्र नाही मिळालं. प्रशासन त्यावर अडून बसलं, साध्या कागदावर द्या म्हणाले. मग संपादकांनी स्वतंत्र दोन ओळींचं पत्र लेटरहेडवर दिलं की खुलासा छापला आहे आणि वार्ताहराचं पत्र संपादकांच्या माहितीने पाठवलं आहे. आडवळणाने का होईना, काम झालं. 'हे पेपरचं म्हणणं नाही, त्या मुलाचं वैयक्तिक आहे' असं उद्या कुणाला म्हणता येणार नव्हतं.

जाहिरातीची ओळ माझी. बाकीच्यांना ती नको होती, जाहिरात विभागाला तर अजिबात नको, पण मॅडमवर जो आरोप झाला तो बियाण्याच्या वाक्यावरून कमी आणि त्या जाहिरातीवरून जास्त झाला होता. आमच्यात पान लावणाऱ्याला जाहिरातीची फक्त साईज माहिती असते, मजकूर बऱ्याचदा शेवटच्या क्षणी येतो, त्यामुळे असले योगायोग होतात. पण वाचणाऱ्याला ते योगायोग दिसत नाहीत आणि का दिसावेत.

खुलाशाबद्दल थोडं. आमच्याकडे पद्धत अशी की खुलासा आतल्या पानावर, कोपऱ्यात, 'अमुक तारखेच्या बातमीत अनवधानाने चूक झाली, योग्य वाचावे' असा, चूक काय होती हे न सांगता. तसा लावला असता तर ज्याने मूळ बातमी वाचली त्याला काहीच कळलं नसतं. म्हणून हेडिंगच केलं 'सोयाबीनचे घरचे बियाणे तपासून वापरा' आणि पहिल्याच ओळीत मागच्या बातमीचा मथळा चुकीचा होता हे सांगितलं. खाली छोटी चौकट: गोणपाट ओलं करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वरून ओलं गोणपाट टाकून गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो. सत्तरच्या खाली एकेका टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे पासष्ट आले तर साडेबत्तीस, साठ आले तर ३५. साठच्या खाली नाही. चौकटीतलं सगळं छापायच्या आधी मॅडमना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी एक जागा सुधारली: मोडके, वाकडे, बुरशी आलेले कोंब मोजू नका हे घाला. घातलं.

पत्र द्यायला पोरगा स्वतः जाणार होता, पेढे घेऊन. पेढे घेऊन! म्हणलं बाबा, कुणाच्या बारशाला चाललायस का. आधी फोन कर, येऊ का विचार. मॅडम म्हणाल्या येऊ नका, ऑफिसात लोक आधीच बोलतायत, सही केलेलं पत्र पोस्टाने कार्यालयाच्या पत्त्यावर द्या म्हणजे आवक रजिस्टरला नोंद होईल, आणि मेलवर एक प्रत टाका. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सरकारी-निमसरकारी ऑफिसात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्राला किंमत नाही, आवक क्रमांक पडला की तो कागद होतो. त्यांनी साहेबांना दिलेल्या उत्तराला तेच पत्र जोडलं आणि तिथलं प्रकरण तिथे मिटलं असं नंतर कळलं. गावातलं पूर्ण मिटलं नाही. एका गटातल्या दोघी-तिघींनी तोवर ठेवलेलं बी बाजारात घालून टाकलं होतं, ते काही परत येत नाही. जुनं कात्रण पुढच्या वर्षीसुद्धा कुणीतरी फिरवलं, तारीख कापून.

मॅडमचं उत्तर आलं ते पोराला. त्यात माफ केलं असं कुठेही नव्हतं. पत्र मिळालं, मजकूर बरोबर आहे, रेकॉर्डिंग पाठवा. आणि यापुढे प्रश्न लेखी पाठवावेत, फोनवर बोलणार नाही, आणि बातमी छापण्याआधी पूर्ण वाचायला द्यावी. पोराने रेकॉर्डिंग पाठवलं आणि माझ्याकडे आला की सर, पूर्ण बातमी द्यायची का?

यावर आमच्या धंद्यात दोन मतं आहेत आणि माझं मत ठाम आहे. पूर्ण कॉपी सोर्सला द्यायची नाही. आज बियाण्याच्या मॅडमना दिली तर उद्या कंत्राटदार मागेल, परवा आमदार, आणि मग बातमी ते लिहितील. पण त्या माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य, त्याच्या मागच्या-पुढच्या ओळीसकट, त्याला वाचून दाखवायला काहीच हरकत नाही, उलट तांत्रिक विषयात ते करायलाच पाहिजे. आकडा, अट, एकर की हेक्टर, हे त्यालाच कळतं. मी मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाक्य माझं बरोबर असेल आणि हेडिंग परत तुमचं असेल तर?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. हेडिंग वार्ताहराच्या हातात नसतं, रात्री पान लागताना होतं. थोडं थांबून म्हणलं, ठीक आहे, तुमचं नाव किंवा पद ज्या बातमीत असेल तिचं हेडिंग मी तुम्हाला रात्री कळवतो, पण बदलायचं की नाही ते मी ठरवणार. त्या म्हणाल्या चालेल.

तेव्हापासून पोरगा प्रश्न टाईप करून पाठवतो, उत्तर टाईप होऊन येतं, त्याच्या बातम्या जरा कोरड्या झाल्यात पण आकडे पक्के असतात. आणि हेडिंगवरून आमचं दोघांचं रात्री नऊ-साडेनऊला वाजतं. यंदाच्या मेमध्ये मी लावलं होतं, 'सोयाबीन पेरणीबाबत तज्ज्ञांचा इशारा'. मॅडम म्हणाल्या इशारा काढा, मी कुणाला इशारा दिलेला नाही, माहिती दिलीय. मी म्हणलं 'माहिती' लावलं तर कुत्रंही वाचणार नाही. त्या म्हणाल्या मग काम लिहा ना, काय करायचं ते. शेवटी 'सोयाबीन: पेरणीआधी उगवण तपासा' यावर तोडगा निघाला, ओळीत बसत नव्हतं म्हणून अक्षराचा पॉईंट कमी करायला लागला, पान दहा मिनिटं उशिरा सुटलं आणि प्रिंटिंगवाल्याच्या शिव्या मी खाल्ल्या.